एका पिस्टनवर चौघांचे काम: टू-स्ट्रोक इंजिन हलके का आणि धुरकट का

श्रोतेहो, आज मी बोलण्याआधी दोन वस्तू टेबलावर ठेवल्या आहेत. डावीकडे एका जुन्या स्कूटरचा सिलेंडर-ब्लॉक आहे आणि उजवीकडे शंभर सीसीच्या एका फोर-स्ट्रोक मोटरसायकलचे हेड, म्हणजे सिलेंडरचे वरचे झाकण. व्याख्यान संपल्यावर दोन्ही हातात घेऊन पाहावीत, अशी माझी विनंती आहे. हेड उचलले की त्यातले व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, रॉकर आणि कॅमशाफ्ट यांचे ओझे मनगटाला लगेच जाणवते. ब्लॉकमध्ये मात्र हलणारी एकही वस्तू नाही. ती बिडाची एक नळी आहे आणि तिच्या भिंतीत काही खिडक्या कापलेल्या आहेत. ह्या खिडक्यांना आपण पोर्ट म्हणतो. त्यांतल्या सर्वांत मोठ्या खिडकीतून बोट घातले तर ते थेट सायलेन्सरच्या बाजूला बाहेर येते, आणि तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या खिडक्यांतून घातले तर खाली क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीच्या, दिशेने जाते. माझा सगळा विषय ह्या खिडक्यांत आणि त्यांच्या कडांच्या उंचीत सामावलेला आहे.

टू-स्ट्रोक इंजिन हलके आणि सोपे असते पण धूर जास्त सोडते, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ऐकताना मात्र असे वाटते की हलकेपणा हा त्याचा एक गुण आहे, धूर हा दुसरीकडून आलेला एक दोष आहे, आणि कोणी नीट लक्ष घातले असते तर गुण ठेवून दोष काढता आला असता. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्या दोन बचतींमुळे हे इंजिन हलके झाले, नेमक्या त्याच दोन बचतींमधून त्याचा धूर निघतो. म्हणून त्या बचती कोणत्या, हे आधी पाहू.

इंजिनाला प्रत्येक स्फोटासाठी चार कामे करावी लागतात. हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घ्यायचे, ते दाबायचे, पेटवून त्याच्याकडून काम करून घ्यायचे आणि जळालेला वायू बाहेर टाकायचा. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनची एकेक फेरी, म्हणजे एकेक स्ट्रोक, ह्यांतल्या एकेका कामाला दिलेली असते. पिस्टन खाली येताना आत घेतो, वर जाताना दाबतो, स्फोटाने खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर जाताना जळालेला वायू बाहेर लोटतो. ह्या चार फेऱ्यांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे, दोन पूर्ण फेरे होतात. कोणत्या फेरीला कोणते दार उघडायचे हे ठरवण्यासाठी दोन व्हॉल्व्ह लागतात, व्हॉल्व्ह उघडायला कॅमशाफ्ट लागतो, कॅमशाफ्ट फिरवायला टायमिंग चेन लागते, चेन ताणून धरायला टेन्शनर लागतो, आणि वरच्या ह्या सगळ्या पसाऱ्यापर्यंत ऑइल पोहोचवायला पंप लागतो. टॅपेट सेटिंग नावाचा जो खर्च आपण सर्व्हिसिंगच्या बिलात पाहतो, तो ह्याच पसाऱ्याचा.

एका फेऱ्यात एक स्फोट मिळवण्याचा प्रयत्न स्कॉटिश अभियंता ड्युगाल्ड क्लर्क यांनी एकोणिसाव्या शतकात यशस्वी केला, परंतु त्यांच्या इंजिनात ताजे मिश्रण आत लोटण्यासाठी एक वेगळा पंप-सिलेंडर होता. पुढे 1890 च्या सुमारास इंग्लंडमधील बाथ शहराच्या जोसेफ डे यांनी तो पंपही काढून टाकला. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या वरची जागा वाढते आणि खालची जागा कमी होते. मग खालची जागा, म्हणजे क्रँककेस, हवाबंद केली तर पिस्टनची खालची बाजू हाच पंप होतो. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये कार्बोरेटरमधून मिश्रण ओढले जाते, आणि खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने, म्हणजे ट्रान्सफर पोर्टमधून, पिस्टनच्या वर चढते. ही पहिली बचत.

दुसरी बचत व्हॉल्व्हची. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या कापल्या की पिस्टनच त्यांचे दार होतो. तो खाली गेला की खिडक्या उघड्या, वर आला की बंद. कॅम नको, चेन नको, स्प्रिंग नको. हलणाऱ्या मुख्य वस्तू उरल्या तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. दार, पंप, दाबणारा आणि ढकलला जाणारा, असे चौघांचे काम एका पिस्टनवर आले.

हलकेपणाचे आणखी एक कारण सहसा सांगितले जात नाही, म्हणून ते इथे सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन पूर्ण फेऱ्यांमागे एकदाच धक्का मिळतो. मधल्या दीड फेऱ्यात क्रँकशाफ्टला उसनी ताकद पुरवायला फ्लायव्हील लागते, आणि ते जड असावे लागते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला धक्का असल्यामुळे फ्लायव्हील हलके चालते, आणि एका धक्क्याला तितका जोरही लागत नाही. आपल्या रस्त्यांवर ह्या फरकाची एक सुंदर जोडी होती. यामाहाच्या आरएक्स 100 चे सिलेंडर 98 सीसीचे, म्हणजे 50 मिलिमीटर व्यासाचे आणि तितक्याच स्ट्रोकचे होते. 1985 सालीच आलेल्या हीरो होंडा सीडी 100 चे सिलेंडर 97.2 सीसीचे, व्यास तोच आणि स्ट्रोक फक्त अर्ध्या मिलिमीटरने कमी. पहिली टू-स्ट्रोक, दुसरी फोर-स्ट्रोक. आरएक्स सुमारे 11 हॉर्सपॉवर देत असे, सीडी 100 सात-साडेसात. त्यातला थोडा भाग ट्यूनिंगचा आहे हे मान्य करावे लागेल, कारण एक गाडी वेगासाठी बनवली होती आणि दुसरी मायलेजसाठी. तरीही इथे एक प्रश्न विचारायला हवा. स्फोट दुप्पट होत असतील तर ताकदही दुप्पट का नाही? ती दीडपटच का? ह्याचे उत्तर आणि धुराचे उत्तर एकच आहे.

आता ह्या ब्लॉककडे पुन्हा पाहू. एक्झॉस्टच्या खिडकीची वरची कड ट्रान्सफरच्या खिडक्यांच्या कडेपेक्षा थोडी उंच आहे. मी पट्टी लावून मोजले, तर फरक काही मिलिमीटरांचाच आहे. तो चुकून राहिलेला नाही. स्फोटानंतर सिलेंडरमध्ये मोठा दाब असतो. ट्रान्सफरची वाट आधी उघडली तर जळता वायू उलटा क्रँककेसमध्ये शिरेल आणि तिथे भरून ठेवलेले मिश्रण पेटवील. म्हणून आधी एक्झॉस्ट उघडून दाब ओसरू द्यावा लागतो आणि मग ट्रान्सफर उघडावे लागते. इथपर्यंत ठीक आहे. पण दार तर पिस्टनच आहे. उतरताना ज्या उंचीवर त्याने खिडकी उघडली, चढताना तो त्याच उंचीवर ती बंद करणार. म्हणजे जी खिडकी आधी उघडली ती शेवटी बंद होणार. ताजे मिश्रण आत येण्याची वाट बंद झाली तरी बाहेर जाण्याची वाट उघडीच राहते आणि त्या काळात वर चढणारा पिस्टन आत आलेले ताजे पेट्रोल स्वतःच सायलेन्सरमध्ये ढकलत असतो. कॅमशाफ्ट असता तर एक्झॉस्ट आधी उघडून आधीच बंद करता आला असता. कॅमशाफ्ट वाचवला, त्याची ही किंमत आहे. चांगल्या घडणीने ती कमी होते, पण साध्या खिडक्यांच्या इंजिनात ती शून्य होऊ शकत नाही, कारण हे भूमितीचे बंधन आहे.

ह्या देवाणघेवाणीला वेळ किती मिळतो, तेही पाहू. साध्या स्कूटरच्या इंजिनात एक्झॉस्ट पिस्टनच्या तळाच्या स्थानाआधी सुमारे 80 अंश उघडतो आणि ट्रान्सफर सुमारे 60 अंश आधी. मिनिटाला 5000 फेरे असतील तर एका फेऱ्याला 12 मिलिसेकंद लागतात, आणि ट्रान्सफर उघडे असण्याचे 120 अंश म्हणजे अवघे 4 मिलिसेकंद. एवढ्या वेळात जुना वायू बाहेर जायचा आणि नवा आत यायचा, दोन्ही एकाच वेळी, एकाच खोलीत, मध्ये पडदा नसताना. फोर-स्ट्रोकमध्ये ह्याच कामासाठी दोन स्वतंत्र फेऱ्या असतात, मिळून 12 मिलिसेकंदांहून अधिक काळ, आणि पिस्टन जुना वायू जवळजवळ शेवटपर्यंत स्वतः लोटून काढतो. टू-स्ट्रोकमध्ये जुन्याला बाहेर काढणारे कोणी नाही. नव्यानेच त्याला ढकलून काढायचे आहे.

ढकलताना काय होते, हे समजायला घरातली बादली पुरेशी आहे. 10 लिटरची बादली गढूळ पाण्याने काठोकाठ भरलेली आहे असे समजा. तुम्ही वरून स्वच्छ पाणी ओतता आहात आणि तितकेच पाणी काठावरून सांडते आहे. ओतलेले पाणी आतल्या पाण्यात लगेच पूर्ण मिसळते असे धरले, तर 7 लिटर स्वच्छ पाणी ओतून झाल्यावर बादलीत स्वच्छ पाणी किती राहील? हिशेब केला तर ते 5 लिटर निघते. उरलेले 2 लिटर स्वच्छ पाणी गढुळाबरोबर सांडून गेले, आणि बादलीत 5 लिटर गढूळ पाणी अजून आहेच. मी 7 लिटरचा आकडा सहज घेतलेला नाही. क्रँककेसचा पंप फारसा कार्यक्षम नसतो. पूर्ण रेस दिली तरी तो सिलेंडरच्या आकारमानाच्या साधारण सहा ते आठ दशांश इतकेच मिश्रण वर पाठवतो.

ह्या बादलीत आपले दोन्ही प्रश्न सुटतात. सांडलेले 2 लिटर म्हणजे पाठवलेल्या मिश्रणाचा सुमारे 28 टक्के भाग, आणि तो न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडला. राहिलेले 5 लिटर गढूळ पाणी म्हणजे मागच्या स्फोटाचा जळका वायू, जो ह्या स्फोटात जागा अडवून बसला आहे. म्हणून स्फोट दुप्पट झाले तरी प्रत्येक स्फोट अशक्त असतो आणि ताकद दुप्पट होत नाही.

प्रत्यक्ष इंजिन बादलीपेक्षा थोडे बरे वागते. जुन्या काळी पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा ठेवून ताज्या मिश्रणाला वर वळवत असत. 1920 च्या दशकात जर्मनीच्या श्न्युर्ले यांनी ट्रान्सफरच्या खिडक्या तिरक्या करून मिश्रणाचे दोन झोत एक्झॉस्टच्या विरुद्ध भिंतीवर सोडले. ते तिथून वर चढतात, हेडखाली वळतात आणि जुन्या वायूला पुढे घालून खाली आणतात. ह्या ब्लॉकमधल्या वाटा अशाच तिरक्या आहेत. बोट घालून पाहिलेत की कळेल. सायलेन्सरचेही ह्यात काम आहे. त्याच्या निमुळत्या पोटातून दाबाची लाट परत फिरते आणि नेमक्या वेळी पोहोचली तर बाहेर निघालेले मिश्रण पुन्हा आत दाबते. पण ती लाट ठरावीक वेगालाच वेळेवर पोहोचते. म्हणून अशा गाडीचा सायलेन्सर कापून बदलणारा माणूस खरे तर इंजिनाचाच एक भाग काढून टाकत असतो.

आता हा हिशेब रस्त्यावर आणू. दीडशे सीसीची एक टू-स्ट्रोक स्कूटर घ्या. चेतकच्या वर्गातली, सिलेंडर 145 सीसीचे, लिटरला 45 किलोमीटर देणारी. एका किलोमीटरला तिला 22 मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे साडेसोळा ग्रॅम पेट्रोल लागते. बादलीच्या हिशेबापेक्षा थोडे सौम्य होऊन एक चतुर्थांश निसटते असे धरू. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 4 ग्रॅम पेट्रोल जसेच्या तसे हवेत जाते. शेजारी सरकारी मर्यादा ठेवा. भारतात दुचाकींसाठी हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून 1996 सालची मर्यादा किलोमीटरला 3.6 ग्रॅम होती, 2000 साली ती 2 ग्रॅम झाली आणि 2005 साली दीड ग्रॅम. काहीही न सुधारलेली स्कूटर पहिल्याच पायरीवर अडते. आणि हे 4 ग्रॅम धूर नव्हेत, हे लक्षात घ्या. ती वाफ आहे, डोळ्यांना दिसत नाही. जुन्या रिक्षेमागे उभे राहिले की पेट्रोलचा जो कच्चा वास येतो, तो हाच.

गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा दोष वेगळ्या रूपात दिसतो. रेस सोडली की कार्बोरेटरची वाट जवळजवळ बंद होते, क्रँककेसमधून थोडेसेच मिश्रण वर येते, आणि सिलेंडरमध्ये जळक्या वायूचे प्रमाण इतके वाढते की ठिणगी पडूनही मिश्रण पेट घेत नाही. दोन-तीन फेरे मिश्रण न जळताच बाहेर जाते, तेवढ्यात सिलेंडर थोडा स्वच्छ होतो, मग एकदा स्फोट होतो, आणि त्याच्या जळक्या वायूने पुन्हा तीच अवस्था येते. जुन्या स्कूटरचा उभ्याउभ्याचा जो अडखळता आवाज आपल्या कानात बसलेला आहे, त्यातली प्रत्येक अडखळ म्हणजे न जळता गेलेले मिश्रण होय. पीयूसीची तपासणी ह्याच स्थितीत होते. 2004 साली लागू झालेल्या पीयूसीच्या मर्यादांत, 31 मार्च 2000 नंतर बनलेल्या दुचाकी-तीनचाकींपैकी फोर-स्ट्रोकला हायड्रोकार्बनसाठी दशलक्षात 4500 भागांची मर्यादा होती, आणि टू-स्ट्रोकला 6000 भागांची. नियम करणाऱ्यांनीही ही भूमिती मान्य केली होती, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता दिसणाऱ्या धुराकडे येतो, आणि तो पहिल्या बचतीतून, म्हणजे क्रँककेसचा पंप करण्यातून येतो. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइलचे डबके असते. ते बेअरिंगांवर, पिस्टनवर उडते आणि पुन्हा खाली जमते. तेच ऑइल हजारो किलोमीटर फिरत राहते. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमधून तर प्रत्येक फेऱ्याला मिश्रण वाहत असते. तिथे ऑइलचे डबके ठेवले तर तेही वाऱ्याबरोबर वर ओढले जाईल. म्हणून ऑइल पेट्रोलबरोबरच द्यावे लागते, आणि ते एकदाच उपयोगी पडते. वाटेत बेअरिंगांना आणि पिस्टनला जेवढे चिकटेल तेवढे वंगण, बाकीचे वर जाऊन अर्धवट जळते किंवा बारीक थेंबांच्या धुक्यासारखे बाहेर पडते. निळसर धूर म्हणतात तो हा. लिटरला 20 मिलिलिटर, म्हणजे 2 टक्के, हे स्कूटरचे नेहमीचे प्रमाण. आपल्या स्कूटरने रोज 20 किलोमीटर कापले तर सुमारे 9 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ दोन चमचे ऑइल रोज सायलेन्सरच्या वाटेला लागते. फोर-स्ट्रोकमध्ये धूर निळा दिसू लागला तर रिंगा झिजल्या असे आपण समजतो आणि गाडी गॅरेजला नेतो. टू-स्ट्रोकमध्ये तो नव्या गाडीतही असतो.

ह्या ऑइलबद्दल एक अनुभव सांगतो. शिक्षण संपवून नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा उतार लागला. पेट्रोल वाचवावे म्हणून मी रेस पूर्ण सोडली, गाडी गिअरमध्येच ठेवली आणि उताराच्या जोरावर खाली येत राहिलो. पायथ्याजवळ मागचे चाक एकाएकी अडकून गाडी फरपटली. क्लच दाबला म्हणून मी वाचलो. शिरवळच्या गॅरेजमधल्या वयस्कर मेस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधीच विचारले, "साहेब, घाट उतरताना रेस पूर्ण सोडली होती ना? मग पिस्टन धरणारच." ब्लॉक काढला तेव्हा पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, सुरीने ओढल्यासारखे. इंजिन चाकांच्या जोराने भरधाव फिरत होते, पण पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. वंगणाची वाट आणि इंधनाची वाट एकच असण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मेस्त्रींचा सल्ला होता की उतारावर मधूनमधून थोडी रेस देत जावे.

अशा फटक्यांमुळेच लोक ऑइल जास्त टाकत. विशेषतः रिक्षावाले, ज्यांचे पोट त्या इंजिनावर होते. लिटरला 20 च्या ऐवजी 40, 50 मिलिलिटर, आणि तेही कधी सुटे, साध्या इंजिनाचे. त्यांना मी दोष देत नाही. पिस्टन धरला तर दिवसाची कमाई बुडणार हे त्यांना दिसत होते. पण जादा ऑइलने इंजिन अधिक काळ टिकत नाही. ते प्लगवर काजळी चढवते, एक्झॉस्टच्या खिडकीच्या कडेला कार्बनचा थर धरते, सायलेन्सर कोंदवते, आणि सायलेन्सर कोंदला की जळका वायू आतच अडकून मिसफायर वाढते. माझ्यासमोरच्या ब्लॉकची एक्झॉस्टची खिडकी काळ्या कार्बनने जवळजवळ एक चतुर्थांश बुजलेली आहे. मी ती मुद्दाम साफ केली नाही. दुसरी अडचण अशी की पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीचे यंत्र कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वायू मोजते, ऑइलच्या थेंबांचे धुके मोजत नाही. जो धूर सर्वांना दिसत होता, तोच मोजमापातून सुटत होता.

न्यायाची एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. नायट्रोजनची ऑक्साइडे टू-स्ट्रोकमधून फोर-स्ट्रोकपेक्षा कमी निघतात. ती फार तापलेल्या ज्वाळेत तयार होतात, आणि सिलेंडरमध्ये राहून गेलेला जळका वायू ज्वाळेला थंड ठेवतो. जो गढूळपणा ताकद खातो तो इथे उपकारक ठरतो. गाड्यांत जळका वायू मुद्दाम परत आत सोडण्याची जी योजना असते, ती ह्याच तत्त्वावर चालते.

मग उपाय का केले नाहीत? उपाय झाले, आणि प्रत्येक उपायाने इंजिनाच्या साधेपणातला काही भाग परत मागितला. पहिला उपाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. आपल्या स्कूटरचे निसटणारे 4 ग्रॅम पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाळायचे ठरवले, तर एका किलोमीटरला सुमारे 176 किलोज्यूल उष्णता तिथे निर्माण होईल. ताशी 40 च्या वेगाने किलोमीटरला 90 सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ 2 किलोवॉट. बाथरूममधला 2 किलोवॉटचा गीझर सायलेन्सरच्या पोटात सतत चालू आहे अशी कल्पना करा. एवढ्या उष्णतेत कन्व्हर्टर लवकर मरतो, आणि ऑइलची राख त्याच्यावर बसते ती वेगळीच. कार्बोरेटर आणि खिडक्या सुधारून गळती आधी कमी केली, तरच तो थोडाफार टिकतो. आणि एवढे करूनही पेट्रोल वाचत नाहीच, ते फक्त दुसरीकडे जळते.

दुसरा उपाय मुळावर घाव घालणारा होता. क्रँककेसमधून नुसती हवा पाठवायची आणि पेट्रोल एक्झॉस्ट बंद होत आल्यावर थेट सिलेंडरमध्ये फवारायचे. मग सांडली तर हवा सांडते. बजाजने 2007 साली ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीच्या तंत्रावर असे इंजिन ऑटोरिक्षात आणले. तांत्रिकदृष्ट्या ते मला फार आवडले होते. पण त्यात इंजेक्टर, पंप, संगणकीय नियंत्रण, ऑइलचा वेगळा पुरवठा हे सगळे आले, आणि तेवढा खर्च करायचाच असेल तर व्हॉल्व्ह आणि कॅम असलेले सरळ फोर-स्ट्रोक इंजिन अधिक ओळखीचे होते. दुचाकींचे कारखाने त्याच वाटेने गेले. चेतकसुद्धा शेवटच्या काळात फोर-स्ट्रोकमध्ये आली आणि मग तिचे उत्पादन थांबले.

टू-स्ट्रोक हे तत्त्वच मलिन आहे असा समज होऊ नये, म्हणून मुंबईच्या बंदरात येणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजांचे उदाहरण देतो. त्यांची मुख्य इंजिने आजही टू-स्ट्रोक डिझेल आहेत, आणि इंधनातल्या उष्णतेचा निम्मा भाग ती कामात आणतात. त्यांत खालून फक्त हवा शिरते, इंधन शेवटी फवारले जाते, माथ्यावर एक्झॉस्टचा स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो आणि हवा लोटायला टर्बोचार्जर असतो. म्हणजे डे यांनी वाचवलेल्या दोन्ही गोष्टी तिथे परत बसवलेल्या आहेत. ते इंजिन कार्यक्षम आहे, पण तीन-चार मजली घराएवढे उंच आहे. हलके आणि सोपे हे शब्द त्याला लागू नाहीत.

जिथे हलकेपणावाचून चालतच नाही, तिथे डे यांचे इंजिन अजून आहे. कोकणात पावसाळ्यानंतर काजू-आंब्याच्या बागेत गवत काढणारा माणूस ग्रासकटर खांद्याला लावून दिवसभर उभा असतो, आणि झाड कापणारा करवत कधी आडवी तर कधी उलटी धरतो. ऑइलचे डबके नसल्यामुळे टू-स्ट्रोक इंजिन कोणत्याही बाजूला वळवले तरी चालते. अशा नव्या यंत्रांपैकी काहींत एक युक्ती केलेली असते. ट्रान्सफरच्या वाटेत आधी थोडी कोरी हवा भरून ठेवतात आणि तिच्यामागे मिश्रण येते. जुन्या वायूला ढकलताना जी सांडायची ती पुढची हवा सांडते, आणि पेट्रोल बहुतेक आत राहते. बादलीच्या भाषेत सांगायचे तर सांडायचे पाणी आधीच वेगळे ठरवून ओतले आहे. ऑइलचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. ते अजूनही पेट्रोलमध्येच मिसळले जाते, आणि बागेत ते यंत्र खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या नाकापासून त्याचा सायलेन्सर हातभर अंतरावर असतो.